एकाच गणिताची दोन चुकीची उत्तरं: लाप्लासमधल्या गुणाकाराचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

लातूरला मी संध्याकाळी इंजिनिअरिंगच्या सेकंड इयरच्या पोरांना एम-थ्री हा गणिताचा पेपर शिकवतो. बॅचमधली बरीच मुलं उदगीर, अहमदपूर, औसा, निलंगा ह्या तालुक्यांतली, काही रूम करून राहणारी, काही रोज एसटीनं येणारी-जाणारी. ज्याचं हे प्रकरण आहे तो इलेक्ट्रिकलचा. घरी सोयाबीनची शेती, एम-थ्री बॅक राहिलेला, आणि त्याच्या मते त्याला कारण एकच, लाप्लास वापरून डिफरन्शियल इक्वेशन सोडवायचा जो मोठा प्रश्न येतो तो. नाव देत नाही. वहीत जे होतं ते त्याला विचारूनच इथं मांडतोय.

आधी एक सांगतो, पोरगं गणितात कच्चं नाही. लाप्लासचं टेबल पाठ, पार्शल फ्रॅक्शनवर हात बसलेला, y'' चं ट्रान्सफॉर्म s²Y − s·y(0) − y'(0) हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेल. म्हणूनच हे प्रकरण लिहावंसं वाटलं, कारण असा मुलगा नेमका कुठं अडकतो ते बघितलं की कन्व्होल्यूशन थिअरम कशासाठी आहे ते जास्त स्पष्ट दिसतं.

गणित हे होतं:

y'' + 4y = sin 2t, y(0) = 1, y'(0) = 0

अडचण

सुरुवात त्यानं एकदम व्यवस्थित केली होती. दोन्ही बाजूंचं लाप्लास घेतलं:

s²Y − s + 4Y = 2/(s²+4)

मग Y एकीकडे घेतला:

Y = s/(s²+4) + 2/(s²+4)²

पहिल्या टर्मचं इन्व्हर्स cos 2t, त्यात काही प्रश्न नाही. दुसऱ्या टर्मपाशी त्यानं जे केलं ते दरवर्षी निदान अर्धी बॅच करते. 2/(s²+4)² हे त्यानं ½ · 2/(s²+4) · 2/(s²+4) असं फोडलं, इथपर्यंत बरोबर, आणि मग दोन्ही तुकड्यांचं वेगवेगळं इन्व्हर्स काढून त्यांचा सरळ गुणाकार करून टाकला. म्हणजे ½ · sin 2t · sin 2t. शेवटचं उत्तर:

y = cos 2t + ½ sin² 2t

आता खरी गंमतीची जागा पुढं आहे. त्यानं उत्तर तपासलंही होतं. t = 0 टाकला की y = 1 येतो. डेरिव्हेटिव्ह घेतलं तर y' = −2 sin 2t + sin 4t, आणि t = 0 ला ते शून्य. वही माझ्यापुढं सरकवून म्हणाला, "सर, इनिशियल कंडिशन दोन्ही बसायल्यात की, मग मार्क का गेले?"

प्रश्न अगदी रास्त होता आणि मी तो तसाच फळ्यावर लिहिला. दोन्ही कंडिशन खरंच बसतात. न बसणारी गोष्ट वेगळीच आहे, ती म्हणजे मूळ इक्वेशन. त्यासाठी पूर्ण y'' काढून टाकून बघायचीही गरज नाही, फक्त t = 0 ला बघा. इक्वेशन सांगतं y'' = sin 2t − 4y, म्हणजे y''(0) = 0 − 4 = −4. त्याच्या उत्तरातून y'' = −4 cos 2t + 4 cos 4t येतं, t = 0 ला ते शून्य. उणे चार यायला पाहिजे तिथं शून्य आलं, विषय संपला, उत्तर चूक.

पण "चूक आहे" हे कळणं आणि "का चूक आहे" हे कळणं ह्यात फरक आहे. त्याला वाटत होतं की लाप्लास हे बेरजेवर जसं टर्म-टर्म चालतं तसंच ते गुणाकारावरही चालत असणार. ते मोडायला मी सगळ्यात लहान उदाहरण घेतलं. 1 चं लाप्लास 1/s. मग 1/s · 1/s चं इन्व्हर्स त्याच्या पद्धतीनं 1 · 1 = 1 यायला पाहिजे. पण 1/s² चं इन्व्हर्स t आहे, हे तर त्याला पाठच होतं. टेबलातल्या दोनच ओळी समोरासमोर ठेवल्या आणि तो गप्प बसला, बराच वेळ वहीकडं बघत.

समोर कोणते पर्याय होते

सगळ्यात आधी त्यानं स्वतःच म्हटलं, "मग पार्शल फ्रॅक्शन करतो." हात बसलेला असला की माणूस तिकडंच वळतो. मी म्हटलं कर. त्यानं 2/(s²+4)² = (As+B)/(s²+4) + (Cs+D)/(s²+4)² असं मांडलं, कोइफिशियंट जुळवले, आणि आलं काय तर A = 0, B = 0, C = 0, D = 2. म्हणजे जिथून निघालो तिथंच परत. हे त्याला करू दिलं ते बरं झालं, कारण आता त्याला दिसलं की छेदात s²+4 हा न फुटणारा क्वाड्रॅटिक दोनदा आला की ती टर्म आधीच पार्शल फ्रॅक्शनच्या शेवटच्या रूपात असते, तिला अजून फोडता येत नाही. s = 2i आणि s = −2i धरून कॉम्प्लेक्समध्ये फोडता येतं, पण त्यात चार टर्म येतात आणि शेवटी i घालवण्यात पान जातं.

दुसरा पर्याय बॅचमधल्या एका मुलीनं सुचवला, आणि तो खरंच छान आहे. t नं गुणलं की ट्रान्सफॉर्मचं उणे डेरिव्हेटिव्ह होतं, त्यामुळं t cos 2t चं लाप्लास (s²−4)/(s²+4)² येतं. वरचं s²−4 हे (s²+4) − 8 असं लिहिलं की ते 1/(s²+4) − 8/(s²+4)² होतं, आणि त्यातून 1/(s²+4)² बाजूला काढता येतो. दोन ओळींत काम. पण ह्यात एक मेख आहे, सुरुवात t cos 2t पासून करायची हे आधी सुचायला पाहिजे. उत्तराचा चेहरा माहीत असेल तर ही वाट जवळची, नसेल तर t sin 2t घेऊन बसाल आणि त्यातून s/(s²+4)² मिळेल, जे इथं नको आहे. तिला ते सुचलं कारण तिनं तसलं गणित आधी केलेलं होतं, हे तिनंच सांगितलं.

तिसरा कन्व्होल्यूशन. ह्यात उत्तराचा अंदाज असावा लागत नाही. F(s) आणि G(s) दोघांचे इन्व्हर्स, f आणि g, माहीत असले की झालं:

F(s)·G(s) चं इन्व्हर्स = ∫₀ᵗ f(u) g(t−u) du

त्याची किंमत म्हणजे एक इंटिग्रेशन करावं लागतं, आणि तिथं चुकायला भरपूर जागा आहे हे पुढं दिसेलच. तरी आम्ही हाच घेतला. कारण असं की त्याचं मूळ दुखणं गुणाकाराबद्दलचं होतं, आणि दुसऱ्या पर्यायानं उत्तर आलं असतं पण गुणाकाराचं खरं काय होतं हा प्रश्न तसाच राहिला असता.

पहिला निर्णय: एकत्र करायचं की वेगळं ठेवायचं

कन्व्होल्यूशन वापरायचं म्हटल्यावर त्यानं लगेच एक गोष्ट केली जी मी बऱ्याच वह्यांत बघतो. थिअरमला "गुणाकार" लागतो, आणि आपल्याकडं तर बेरीज आहे, म्हणून त्यानं दोन्ही टर्म एका छेदावर आणल्या:

Y = (s³ + 4s + 2)/(s²+4)²

आणि मग F = s³+4s+2, G = 1/(s²+4)² असं धरून मला विचारलं, s³ चं इन्व्हर्स टेबलात कुठाय.

ते टेबलात नाही, आणि असणारही नाही. आपण ज्या साध्या फंक्शनांचं लाप्लास घेतो त्यांचं ट्रान्सफॉर्म s मोठा होत गेला की शून्याकडं जातं. s³ तर वाढत जातो. म्हणजे थिअरम लावण्याआधी दोन्ही तुकडे स्वतःच्या पायावर उभे राहणारे पाहिजेत, दोघांचाही अंश छेदापेक्षा कमी डिग्रीचा पाहिजे. s²/(s²+4)² आला तर s/(s²+4) गुणिले s/(s²+4) असं फोडायचं, s² एकीकडं आणि उरलेलं दुसरीकडं असं नाही.

त्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे एकत्र करायचंच नव्हतं. इनिशियल व्हॅल्यू प्रॉब्लेममध्ये Y मधल्या टर्म आपोआप दोन गटांत येतात. एक गट y(0) आणि y'(0) मधून आलेला, इथं s/(s²+4). दुसरा गट उजव्या बाजूच्या फंक्शनमधून आलेला, आणि डावी बाजू y'' + 4y असली की तो नेहमी "1/(s²+4) गुणिले उजव्या बाजूचं ट्रान्सफॉर्म" अशाच रूपात येतो. गुणाकार तिथं तयारच वाढून ठेवलेला असतो. पहिल्या गटाचं इन्व्हर्स टेबलातून घ्यायचं, कन्व्होल्यूशन फक्त दुसऱ्याला लावायचं. तो छेद एक करण्याची सवय पार्शल फ्रॅक्शनमधून आलेली, ती इथं आडवी येते.

दुसरा निर्णय: फॉर्म्युला आधी की अर्थ आधी

इथं मला ठरवायचं होतं. फॉर्म्युला देऊन सरळ इंटिग्रेशन करायला लावलं असतं तर त्या संध्याकाळी गणित सुटलं असतं. पण (t−u) हे काय प्रकरण आहे ते कळल्याशिवाय तो पुढच्या गणितात परत सरळ गुणाकार करणार ही भीती होती. म्हणून पंधरा-वीस मिनिटं अर्थावर घालवली.

त्याच्या घरी शेती, म्हणून त्याला विचारलं, आज रानात जी ओल आहे ती कुठल्या पावसाची? एका पावसाची नसते. वीस दिवसांपूर्वी पडला त्यातलं वीस दिवस सुकून जे उरलं ते, आठ दिवसांपूर्वी पडला त्यातलं आठ दिवस सुकून जे उरलं ते, काल पडला त्यातलं एका दिवसानंतर उरलेलं, ह्या सगळ्यांची बेरीज म्हणजे आजची ओल. u व्या दिवशी किती पडला ते f(u). पडून t−u दिवस झाले, तेवढ्या दिवसांनी एक मिलिमीटर पावसातलं किती शिल्लक राहतं ते g(t−u). गुणाकार प्रत्येक दिवसासाठी वेगळा करायचा आणि सगळे मिळवायचे. आजचा पाऊस गुणिले आजचा g असं करून आजची ओल कोणी काढत नाही, आणि त्यानं ½ sin² 2t लिहून नेमकं तेच केलं होतं.

मग आपल्या गणितावर आलो. 1/(s²+4) चं इन्व्हर्स ½ sin 2t. ते काय आहे? शांत पडलेल्या सिस्टिमला t = 0 ला एक एककाचा झटका दिला तर ती नंतर जशी हलते ते. झटका u ह्या वेळेला दिला तर t ह्या वेळेला त्याचा परिणाम ½ sin 2(t−u). आणि उजव्या बाजूचा sin 2u हा प्रत्येक क्षणी दिलेला छोटा छोटा झटका. सगळ्यांची बेरीज:

∫₀ᵗ ½ sin 2(t−u) · sin 2u du

लिमिट t पर्यंतच का, हेही त्याला आपोआप कळलं: "सर, उद्याचा पाऊस आजच्या ओलीत कसा येईल." बरोबर. u हा t च्या पुढं जात नाही.

ज्यांना सिद्धता पाहिजे त्यांच्यासाठी एवढंच की F(s)·G(s) म्हणजे e^(−su) f(u) आणि e^(−sv) g(v) ह्या दोन इंटिग्रलांचा गुणाकार, त्यात e^(−s(u+v)) येतो, आणि u+v = t असलेल्या सगळ्या जोड्या एकत्र गोळा केल्या की v = t−u होऊन वरचंच रूप मिळतं. परीक्षेत सिद्धता विचारली तर इंटिग्रेशनचा क्रम बदलायची पायरी आकृती काढून दाखवायची, तिथं मार्क असतात.

इंटिग्रेशन, आणि दुसरं चुकीचं उत्तर

2 sin A sin B = cos(A−B) − cos(A+B) वापरलं. A = 2t−2u, B = 2u. मग A+B मध्ये u उडून जातो आणि उरतं:

¼ ∫₀ᵗ [cos(2t−4u) − cos 2t] du

ह्या एका ओळीत दोन खड्डे आहेत. पहिला cos 2t चा. इंटिग्रेशन u बरोबर चाललंय, t इथं निव्वळ स्थिर संख्या आहे, त्यामुळं cos 2t चं इंटिग्रेशन t cos 2t. सवयीनं हात ½ sin 2t लिहून जातो. बॅचमधल्या एकानं तसं केलं आणि त्याचं पूर्ण इंटिग्रल शून्य आलं, कारण पहिली टर्मही ½ sin 2t च येते, अर्धा वजा अर्धा. शून्य आलं की निदान संशय तरी येतो.

आपला मुलगा हा खड्डा चुकवून गेला, ओलीचा विचार डोक्यात होता म्हणून t ला त्यानं हात लावला नाही. तो दुसऱ्यात सापडला. cos(2t−4u) चं इंटिग्रेशन −¼ sin(2t−4u). वरची लिमिट u = t टाकली की sin(−2t), खालची u = 0 टाकली की sin 2t. त्यानं sin(−2t) मधला उणे गाळला, sin 2t वजा sin 2t शून्य केलं, आणि उत्तर लिहिलं:

y = cos 2t − ¼ t cos 2t

मी काही बोललो नाही, म्हटलं तपास. ह्या वेळेला तो हुशारीनं आधी इक्वेशनमध्येच टाकायला गेला, कारण मागच्या वेळी इनिशियल कंडिशननं फसवलं होतं. y'' + 4y काढलं. बरोबर sin 2t आलं. खूश. "जमलं सर!"

मग म्हटलं आता y'(0) बघ. −¼ आला. शून्य पाहिजे होता.

मला ह्या सगळ्या प्रकरणातलं इथंच जास्त सांगायचंय. पहिलं चुकीचं उत्तर इनिशियल कंडिशनमध्ये पास होतं आणि इक्वेशनमध्ये नापास. दुसरं बरोबर उलटं. आणि दोन्हीला कारण आहे, योगायोग नाही. दुसऱ्या उत्तरात जी टर्म गाळली गेली ती ⅛ sin 2t, आणि ती y'' + 4y = 0 चं स्वतःचंच सोल्यूशन आहे. ती असली काय नसली काय, इक्वेशनच्या डाव्या बाजूला तिचं शून्यच होतं, त्यामुळं इक्वेशनला ती गायब झाल्याचं कधीच कळणार नाही. ते फक्त y'(0) ला कळतं.

पहिल्या उत्तरात उलटं. ½ sin² 2t हे t लहान असताना 2t² सारखं चालतं, म्हणजे t = 0 ला त्याची किंमतही शून्य आणि उतारही शून्य, म्हणून दोन्ही कंडिशनना ते दिसलंच नाही. खरी टर्म t लहान असताना t³/3 सारखी चालते. आणि हे इन्व्हर्स काढायच्या आधीच s कडं बघून सांगता येतं. s खूप मोठा असला की 2/(s²+4)² हे 2/s⁴ सारखं, आणि 2/s⁴ चं इन्व्हर्स t³/3. ½ sin² 2t चं लाप्लास काढून बघितलं तर 4/(s(s²+16)) येतं, जे 4/s³ सारखं पडतं. छेदात s चा चौथा घात पाहिजे तिथं तिसरा. त्याला हे खूप आवडलं, कारण ह्यात काहीच सोडवायला लागत नाही, नुसते घात मोजायचे.

निकाल

उणे दुरुस्त केल्यावर −¼ (−sin 2t − sin 2t) = ½ sin 2t, आणि मग:

y = cos 2t + ⅛ sin 2t − ¼ t cos 2t

इक्वेशन बसतं, y(0) = 1, y'(0) = ¼ − ¼ = 0. मुलीच्या t cos 2t वाल्या वाटेनंही हेच आलं, फळ्यावर दोन्ही शेजारी शेजारी ठेवली.

तो इलेक्ट्रिकलचा, म्हणून शेवटच्या टर्मकडं बोट दाखवून विचारलं, हा t बाहेर का आला? थोडं थांबून म्हणाला, रेझोनन्स. सिस्टिमची स्वतःची फ्रिक्वेन्सी 2, उजव्या बाजूचीही 2, डॅम्पिंग नाही, मग ऑसिलेशन वाढतच जाणार. आणि त्याचं त्यालाच लक्षात आलं की त्याचं पहिलं उत्तर cos 2t + ½ sin² 2t हे कधीच 1 च्या वर जात नाही. फिजिक्सच्या नजरेनं बघितलं असतं तर एका दृष्टीक्षेपात ते पडलं असतं.

दोन-तीन दिवसांनी मी त्याला तेच गणित थोडं बदलून दिलं. उजवी बाजू t = π पर्यंत sin 2t, त्यानंतर बंद, शून्य. बाकी सगळं तेच. पोरं इथं युनिट स्टेप घेतात, e^(−πs) येतो, शिफ्टिंगचा नियम लागतो, तेही चालतं. त्यानं मात्र थेट कन्व्होल्यूशनमध्ये हात घातला. t हा π च्या आत असेल तर मागचंच उत्तर. t हा π च्या पुढं गेला की पाऊस π ला थांबलाय, म्हणून u फक्त π पर्यंत:

¼ ∫₀^π [cos(2t−4u) − cos 2t] du

पहिल्या टर्ममध्ये u हा 0 पासून π पर्यंत गेला की 4u चे दोन पूर्ण फेरे होतात, ती शून्य. दुसरी −π cos 2t. म्हणजे t > π साठी:

y = cos 2t − (π/4) cos 2t = (1 − π/4) cos 2t

कंसातली किंमत 0.215 च्या आसपास. सुरुवातीला 1 असलेलं ऑसिलेशन बाहेरून जोर लावून झाल्यावर पाव हिश्शापेक्षाही खाली आलं. त्याला हे पटेना, रेझोनन्समध्ये तर वाढायला पाहिजे. मग दोघांनी मिळून बघितलं की सुरुवातीचा cos 2t आणि जोरातून आलेला −¼ t cos 2t हे एकमेकांच्या विरुद्ध आहेत, t = 4 पर्यंत दुसरा पहिल्याला खातच जातो, आणि आपण तर π ला, म्हणजे 3.14 ला, बंद केलं. चालू ठेवलं असतं तर 4 च्या पुढं वाढायला लागलं असतं. सांधा बरोबर बसतो का तेही त्यानं न सांगता तपासलं: t = π ला दोन्ही बाजूंनी किंमत 1 − π/4, उतार दोन्हीकडून शून्य.

पुढच्या परीक्षेत त्याचा एम-थ्री निघाला. त्या पेपरात रेझोनन्सवालं गणित आलंच नव्हतं, 1/((s+1)(s+2)) सारखं काहीतरी होतं, आणि त्यानं तिथं पार्शल फ्रॅक्शन केलं. ते मला उलट जास्त बरं वाटलं. रेषीय वेगवेगळे फॅक्टर असताना कन्व्होल्यूशन करणं म्हणजे उगाच इंटिग्रेशन ओढवून घेणं. प्रश्नात "कन्व्होल्यूशन थिअरम वापरून" असं लिहिलेलं असेल तर गोष्ट वेगळी.

पुन्हा असं प्रकरण आलं तर काय वेगळं करता येईल

एक म्हणजे पार्शल फ्रॅक्शनचं D = 2 वालं वर्तुळ मी आता सगळ्या बॅचला मुद्दाम करायला लावतो, कन्व्होल्यूशनचं नाव काढायच्या आधी. ते केल्याशिवाय पोरांना वाटत राहतं की ही फक्त अजून एक पद्धत आहे, सिलॅबसमध्ये आहे म्हणून शिकायची.

दुसरं, sin गुणिले sin हे पहिलं उदाहरण म्हणून अवघडच आहे. f आणि g दोन्ही सारखेच असल्यामुळं कुणाला t−u द्यायचा हा प्रश्नच उभा राहत नाही, आणि तो प्रश्न शिकायला महत्त्वाचा आहे. त्याऐवजी y' + y = t, y(0) = 0 घेतलं तर e^(−t) आणि t समोर येतात. t−u हा t ला दिला तर ∫ (t−u) e^(−u) du, e^(−t) ला दिला तर e^(−t) ∫ u e^u du. दोन्हीतून t − 1 + e^(−t) च येतं, पण कुठं सोपं पडतं ते पोरगं स्वतः करून बघतं, आणि इंटिग्रेशनमध्ये t स्थिर धरायची सवय साध्या जागी लागते.

तिसरं, मधे बंद होणारी उजवी बाजू. तो प्रश्न मी शेवटी दिला, पण आता वाटतं तो आधी यावा. पूर्ण वेळ चालू असलेल्या sin 2t ला t cos 2t वाली वाट कन्व्होल्यूशनइतकीच सोपी पडते, त्यामुळं "हे कशाला" असा प्रश्न उरतोच. π ला बंद केलं की वरची लिमिट t वरून π होते आणि बाकी सगळं जसंच्या तसं राहतं. आणि उजवी बाजू फॉर्म्युल्यात नसून नुसते मोजलेले आकडे असतील, मीटरवरून दर सेकंदाला घेतलेले, तर तिचं लाप्लास टेबलात शोधणार कुठं? तिथंही ½ sin 2(t−u) गुणिले तो आकडा, आणि बेरीज, एवढं कॅल्क्युलेटरवरही करता येतं. त्याच्या पुढच्या बॅचला मी असे दहा आकडे देऊन सुरुवात केली, sin 2t त्यानंतर.